बॅनर खालून वर वाचा: राजकीय फ्लेक्सवरून मुंबईतली जागा कशी ओळखायची आणि कुठे फसायला होतं

रस्त्याचा एक फोटो समोर येतो आणि तो कुठला ते नकाशावर टिचकी मारून सांगायचं, हा खेळ आता बरेच जण खेळतात. भारतातला फोटो आला की नवखा माणूस आधी झेंडे शोधतो. भगवा दिसला की महाराष्ट्र, लाल दिसला की केरळ, सायकल दिसली की उत्तर प्रदेश. मीही अशीच सुरुवात केली. वर माझा माज असा की मी परळला फ्लेक्सच्या दुकानात सहा वर्षं डिझाइन करायचो. निम्म्या लालबागचे वाढदिवस माझ्या हातून गेलेत, बॅनर मला कोण शिकवणार!

मग एकदा मित्रांच्या ग्रुपवर एक फोटो आला. त्यातला फ्लेक्स मी महिन्यापर्यंत आणि प्रभागापर्यंत बिनचूक वाचला, ठामपणे लालबाग सांगितलं, आणि जागा निघाली राजापूर तालुक्यातली. चूक अडीचशे किलोमीटरच्या घरात. तो फोटो पुढे सविस्तर सोडवून दाखवतो, कारण माझं वाचन बरोबर होतं आणि उत्तर तरीही चुकलं.

एक गोष्ट आधीच पक्की करा. पक्षाचं चिन्ह आणि नेत्याचा हुद्दा तुम्हाला काळ सांगतात. जागा सांगतो तो बॅनरच्या तळाशी पासपोर्ट फोटोएवढ्या चौकटीत उभा असलेला माणूस. आणि झेंड्याचा नुसता रंग यातलं काहीच धड सांगत नाही.

## सोबत काय ठेवायचं

- मुंबईतल्या 36 विधानसभा मतदारसंघांचा क्रमांकांसह नकाशा. क्रमांक 152 बोरिवलीपासून सुरू होतात आणि 187 कुलाब्याला संपतात.
- 2014, 2019 आणि 2024 या तिन्ही निवडणुकांतल्या आमदार-खासदारांची यादी. `myneta.info` वर वर्षानुसार उमेदवार आणि पक्ष मिळतात.
- महापालिकेच्या 227 प्रभागांचा नकाशा, 2017 चा.
- गणपती, दहीहंडी, नवरात्र यांच्या गेल्या काही वर्षांतल्या तारखा. कालनिर्णयचे जुने अंक टाकले नसतील तर उत्तम.

## 1. आधी ते टांगलंय की पांघरलंय ते बघा

ही पायरी मी तेव्हा गाळली होती, म्हणून पहिली ठेवतोय.

फ्लेक्स लावायचा तर लाकडी पट्ट्यांच्या फ्रेमवर ठोकतात, किंवा चारही बाजूंच्या आयलेटमधून, म्हणजे कडेच्या धातूच्या भोकांतून, सुतळी ओवून खांबाला ताणून बांधतात. असा ताणलेला, सरळ वाचता येणारा, माणसांच्या नजरेच्या वर असलेला फ्लेक्स बहुधा आपल्या जागी असतो.

पण फ्लेक्सचं खरं आयुष्य सण संपल्यावर सुरू होतं. तो पाणी अडवतो, फुकट मिळतो आणि ताडपत्रीपेक्षा बरा टिकतो. झोपडीचं छप्पर, भाजीवाल्याची सावली, ट्रकवरचं आच्छादन, गोठ्याची भिंत, सगळीकडे तो जातो. बॅनर उलटा दिसला, चेहरा मधोमध दुमडलेला असला, एकाच बाजूला दोरी असली किंवा वर दगड-टायर ठेवलेले असले, तर तो मजकूर त्या जागेचा पुरावा नाही. फार तर फ्लेक्सचा जन्म कुठला एवढंच तो सांगतो.

## 2. भाषा: देवनागरी म्हणजे मराठी नव्हे

तुम्ही मराठी वाचता, म्हणून ही पायरी दोन सेकंदांची आहे. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि ‘शुभेच्छुक’ दिसलं की मराठी. ‘जन्मदिन की हार्दिक शुभकामनाएं’ आणि ‘निवेदक’ दिसलं की हिंदी. फोटो धूसर असेल तर ‘ळ’ शोधा, तो लांबूनही ओळखू येतो.

पण हिंदी फ्लेक्स दिसला म्हणून मुंबई सोडून पळू नका. छठपूजेच्या दिवसांत जुहूपासून आतल्या गल्ल्यांपर्यंत हिंदी बॅनर लागतात. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत गुजराती दिसते, नागपाड्याला उर्दू आणि धारावीत तमिळ. उलट बाजूने, मराठी बॅनर बेळगावातही असतो आणि गोव्यातही. बेळगावच्या फोटोत जवळपास कुठेतरी कन्नड पाटी सापडतेच, आणि लाल-पिवळा झेंडाही. तो झेंडा कुठल्या पक्षाचा नाही, कन्नड अस्मितेचा आहे. त्याला पक्षाचा समजून चिन्ह शोधत बसलेले लोक मी पाहिलेत.

## 3. खालून वर वाचा

बॅनरची रचना ठरलेली असते. दुकानात आमच्याकडे तयार फाइल असायची, गिऱ्हाईक बदललं की चेहरे बदलायचे. सगळ्यात वर छोट्या गोलांत दैवतं आणि दिवंगत नेते, त्याखाली राज्याचे नेते, मग आमदार-खासदार, मधे मोठा चेहरा ज्याचा वाढदिवस असेल त्याचा, आणि तळाशी शुभेच्छुकांची रांग. ही रांग म्हणजे वर्गणी काढणारे. एकाचा जरी चेहरा राहिला तरी रात्री दहाला फोन यायचा, म्हणून ती रांग बहुतेक वेळा खरी आणि ताजी असते.

वरचे गोल जागेसाठी वाचूच नका. ते चेहरे दहिसरपासून सावंतवाडीपर्यंत तेच असतात. शिवाय गुगलचं स्ट्रीट व्ह्यू चेहरे आपोआप पुसतं आणि बॅनरवरच्या चेहऱ्यांनाही पुष्कळदा सोडत नाही. म्हणून चेहऱ्यावर भरवसा ठेवायची सवयच लावू नका, अक्षरं वाचा.

तळाच्या रांगेत नाव कमी महत्त्वाचं, पद जास्त महत्त्वाचं. ‘सरपंच’, ‘पंचायत समिती सदस्य’, ‘जि. प. सदस्य’, ‘तालुकाप्रमुख’ असं काही असेल तर तो माणूस मुंबईचा नव्हे, कारण मुंबईत ग्रामपंचायत नाही, पंचायत समिती नाही आणि जिल्हा परिषदही नाही. ‘नगराध्यक्ष’ असेल तर नगरपालिका असलेलं गाव. ‘शहरप्रमुख’, ‘उपशहरप्रमुख’ दिसलं तर मी आधी ठाणे, कल्याण-डोंबिवली असल्या शहरांकडे बघतो. आणि ‘विभागप्रमुख’, ‘शाखाप्रमुख’, ‘गटप्रमुख’ अशी उतरंड असेल तर मुंबईची शक्यता एकदम वाढते. शिवसेनेची बांधणी शाखेवर आहे आणि मुंबईत शाखेचा क्रमांक महापालिकेच्या प्रभागाबरोबर चालतो.

इथे एक बारकावा फार कामाचा आहे. शिवसेनेत ‘प्रमुख’ असतो, मनसेत ‘अध्यक्ष’. शाखाप्रमुख म्हटलं की शिवसेनेचा, शाखाध्यक्ष म्हटलं की मनसेचा. चिन्ह फाटून गेलं असलं, झेंडा फोटोबाहेर राहिला असला, तरी या एका शब्दावर पक्ष कळतो. दुकानात आमच्याकडून एकदा ही अदलाबदल झाली होती. त्या गिऱ्हाइकाने पैसे दिले, पण नंतर आमच्या दुकानाची पायरी चढला नाही.

प्रभाग क्रमांक वाचता आला तर अर्धं काम झालं. क्रमांक उत्तरेकडून दक्षिणेकडे चढत जातात. 1 दहिसरच्या टोकाला, 227 कुलाब्याच्या. दोनशेच्या आसपासचे आकडे परळ, लालबाग, शिवडी या पट्ट्यात येतात.

मात्र पाटी कधीची आहे ते बघा. 2017 च्या निवडणुकीआधी प्रभागांची नव्याने आखणी झाली. त्याआधीच्या बाकड्यावर, वाचनालयावर किंवा सार्वजनिक शौचालयाच्या ग्रॅनाइटच्या पाटीवर ‘नगरसेवक निधीतून, प्रभाग क्र. अमुक’ असं कोरलेलं असतं, तो आकडा आजच्या नकाशावर भलत्याच ठिकाणी नेतो. मधे 2022 मध्ये 227 चे 236 प्रभाग करायचंही ठरलं होतं, मग ते रद्द होऊन पुन्हा 227 झाले. पाटी जागची हलत नाही हा तिचा गुण, म्हणून तिच्यावरचं रस्त्याचं किंवा चाळीचं नाव घ्या आणि आकडा सोडून द्या.

## 4. चिन्हावरून काळ काढा

महाराष्ट्रात 2022 नंतर चिन्हांची जी उलथापालथ झाली, ती खेळणाऱ्यांसाठी वरदान आहे. एवढ्या तारखा लिहून ठेवा:

- 8 ऑक्टोबर 2022: निवडणूक आयोगाने धनुष्यबाण गोठवला. पुढच्या दोन-तीन दिवसांत ठाकरे गटाला मशाल आणि शिंदे गटाला ढाल-तलवार मिळाली.
- 17 फेब्रुवारी 2023: शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेले.
- 6 फेब्रुवारी 2024: राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार गटाकडे. त्याच महिन्यात शरद पवार गटाला तुतारी वाजवणारा माणूस.

धनुष्यबाण दिसला की लगेच निष्कर्ष काढू नका, तो कोणाच्या नावाबरोबर आहे ते बघा. उद्धव ठाकऱ्यांबरोबर असेल तर फ्लेक्स ऑक्टोबर 2022 च्या आधीचा. एकनाथ शिंदे पक्षाचे मुख्य नेते म्हणून असतील तर बहुधा फेब्रुवारी 2023 नंतरचा. ढाल-तलवार दिसली तर लॉटरी लागली समजा, ते चिन्ह जेमतेम चार महिने चाललं.

गुगलने भारतात स्ट्रीट व्ह्यू 27 जुलै 2022 ला दहा शहरांत सुरू केलं, त्यात मुंबई, पुणे, नाशिक होती. म्हणजे तेव्हा दाखवलेलं सगळं चित्रण फुटीच्या निकालाआधीचं. त्या फोटोंत धनुष्यबाण बघून ‘इथे शिंदेंची शिवसेना’ असं म्हणणारा हमखास चुकतो.

चिन्हापेक्षाही हुद्दा जास्त बारीक कापतो. उद्धव ठाकऱ्यांच्या नावापुढे ‘मुख्यमंत्री’ असेल तर नोव्हेंबर 2019 ते जून 2022. शिंदेंच्या नावापुढे ‘मुख्यमंत्री’ असेल तर 30 जून 2022 ते डिसेंबर 2024 ची सुरुवात, त्यानंतर ‘उपमुख्यमंत्री’. फडणवीसांचं त्याच तारखेला बरोबर उलटं.

आणि माझा सगळ्यात लाडका शब्द: ‘माजी नगरसेवक’. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली, पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता आणि मतदान थेट 15 जानेवारी 2026 ला झालं. त्या मधल्या काळात मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. त्यामुळे तळाच्या रांगेत सगळेच ‘माजी’ आणि त्यांच्या शेजारी ‘भावी’ दिसले, तर काळ तोच. दुकानातली जुनी फाइल उघडून ‘माजी’ टाकायला विसरणारे डिझायनर होते, त्यात मीही एकदा होतो. म्हणून एकाच माणसापुढचा हुद्दा धरून चालू नका, रांगेतल्या दोघा-तिघांचा बघा.

याच पायरीवर एक सापळा. उद्धव आणि राज ठाकरे एकाच बॅनरवर दिसले की लोक ‘जुलै 2025 नंतरचा’ म्हणतात, कारण 5 जुलैला वरळीत दोघे एका व्यासपीठावर आले. पण ‘दोघांनी एकत्र यावं’ अशी साद घालणारे बॅनर कार्यकर्ते त्याच्या कितीतरी आधीपासून दादरला लावत होते. मजकुरात विनवणी आहे की अभिनंदन, ते वाचा.

## 5. आमदार आणि खासदार एकमेकांवर ठेवा

खासदाराचं नाव सहा विधानसभांचा पट्टा देतं, आमदाराचं नाव त्यातली एक. दोन्ही मिळाली की प्रश्न संपतो.

नाव तेच राहून हुद्दा आणि चिन्ह बदललं असेल तर काळही मिळतो. रवींद्र वायकर 2009 पासून जोगेश्वरी पूर्वचे आमदार. ऑक्टोबर 2022 पर्यंत त्यांच्याबरोबर धनुष्यबाण, मग मशाल, मार्च 2024 मध्ये ते शिंदेंकडे गेले तेव्हा पुन्हा धनुष्यबाण. त्याच वर्षी 4 जूनला ते मुंबई वायव्यमधून 48 मतांनी निवडून आले आणि ‘आमदार’चे ‘खासदार’ झाले. म्हणजे त्यांच्या नावाचा फ्लेक्स दिसला तर चिन्ह, हुद्दा आणि वर नाव उद्धव ठाकऱ्यांचं की शिंदेंचं या तीनच गोष्टींवर तुम्ही चार काळ वेगळे करू शकता. पण चौथ्या काळात जागा ढिली होते हे विसरू नका. आमदाराचा फ्लेक्स जोगेश्वरीभोवती फिरतो, खासदाराचा गोरेगाव-वर्सोव्यापर्यंत पसरतो.

‘आमदार’ शब्दातही फसगत आहे. विधान परिषदेच्या सदस्यालाही आमदारच लिहितात. वरळीच्या फ्लेक्सवर आदित्य ठाकरे, सुनील शिंदे आणि सचिन अहिर असे तीन आमदार एका ओळीत सापडतात. त्यातला विधानसभेचा एकच, बाकीचे दोघे परिषदेचे. यादीत नाव सापडलं नाही तर यादी चुकलीय असं समजू नका, परिषद तपासा.

## 6. झेंडे

थोडक्यात सांगतो, कारण झेंड्यात फार दम नाही. भगवा झेंडा पक्षाचा असेलच असं नाही. तो शिवजयंतीचा असतो, वारीचा असतो, देवळाचा असतो. निळा झेंडा आंबेडकरी वस्तीचा असतो, तिथे कुठल्या पक्षाचं कार्यालय असेलच असं नाही. चांद-ताऱ्याचा हिरवा झेंडा दर्ग्याचा किंवा जुलूसाचा असू शकतो.

विळा-हातोड्याचा लाल झेंडा दिसला की केरळ किंवा त्रिपुरा गाठायची घाई करू नका. तलासरी-डहाणूच्या आदिवासी पट्ट्यात तो मुरलेला आहे, डहाणूतून माकपचा आमदार 2019 ला आणि 2024 लाही निवडून आला. रायगडात शेकापचा लाल बावटा वेगळाच. सायकलचं तेच. मानखुर्द-शिवाजीनगरला अबू आझमी 2009 पासून समाजवादीचे आमदार आहेत, त्यामुळे गोवंडीतल्या गल्लीत सायकल सहज दिसते. आंध्रातही सायकल आहे, पण ती पिवळ्या झेंड्यावरची, तेलुगू देसमची. आणि धनुष्यबाणही एकट्या महाराष्ट्राचा नाही, झारखंड मुक्ती मोर्चाचं चिन्हही तेच आहे. फोटोत धनुष्यबाणाबरोबर हिरवा झेंडा असला तर आपली शिवसेना विसरा.

काळ सांगणारा एकच झेंडा माझ्या कामाचा आहे, तो मनसेचा. 2006 पासूनचा भगवा-निळा-हिरवा झेंडा 23 जानेवारी 2020 ला बदलला आणि पूर्ण भगव्यावर राजमुद्रा आली. तरी एखाद्या जुन्या शाखेच्या भिंतीवर आधीचा रंग तसाच राहिलेला असतो, म्हणून रंगवलेली भिंत आणि फडकता झेंडा वेगळे मोजा. फडकता कापडी झेंडा मुंबईच्या दोन पावसाळ्यांत चिंध्या होतो. ऑइल पेंट वर्षानुवर्षं तसाच.

## 7. आचारसंहितेचे दिवस ओळखा

रस्ता अचानक उघडाबोडका दिसला, खांबांवर नुसत्या सुतळ्या लोंबताहेत, आणि उद्घाटनाच्या पाट्यांवर कागद किंवा कापड चिकटवलंय, तर ती आचारसंहिता. निवडणूक जाहीर झाली की सरकारी इमारतींवरचं 24 तासांत, सार्वजनिक जागांवरचं 48 तासांत आणि खासगी जागांवरचं 72 तासांत उतरवावं लागतं. अलीकडे अशा खिडक्या तीन: 16 मार्च 2024 पासून लोकसभा, 15 ऑक्टोबर 2024 पासून विधानसभा, आणि डिसेंबर 2025 च्या मध्यापासून महापालिका.

या दिवसांत जी प्रचारपत्रकं आणि पोस्टरं दिसतात त्यांच्या कडेला बारीक अक्षरांत मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असतो, लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम 127 क नुसार तो द्यावाच लागतो. प्रकाशकाचा पत्ता वाचा, मुद्रकाचा नको. छपाई जिथे स्वस्त तिथे होते.

## 8. पाहुणे बॅनर वगळा

मुंबईत काही जागा अशा आहेत की तिथला बॅनर तिथला नसतोच. नरिमन पॉइंट आणि मंत्रालयाच्या आसपास राज्यभरचे कार्यकर्ते आपल्या मंत्र्याच्या स्वागताला फ्लेक्स लावून जातात. दसऱ्याच्या मेळाव्याला शिवाजी पार्ककडे येणाऱ्या रस्त्यांवर विदर्भ-मराठवाड्याचे तालुकाप्रमुख दिसतात, आणि 2022 च्या दसऱ्याला तर एकाच दिवशी शिवाजी पार्क आणि बीकेसी असे दोन मेळावे होते. 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर देशभरातले बॅनर येतात.

सगळ्यात फसवे म्हणजे कोकणातले. गणपतीआधी परळ, लालबाग, दादरला ‘गावी जाण्यासाठी मोफत बस’चे फ्लेक्स लागतात आणि त्यावर कणकवली, गुहागर, राजापूरकडचे नेते असतात. निवडणुकीत चाकरमान्यांना मतदानाला बोलावणारेही तसेच. मजकुरात ‘येथून सुटेल’ किंवा ‘तमाम मुंबईकर चाकरमान्यांना’ असं काही असेल, तर नेत्याचा मतदारसंघ सोडा आणि फोटो मुंबईतलाच धरा. उलट दिशेची वाहतूकही होते, आणि तीच मला नडली.

## तो फोटो, पायरीपायरीने

फोटोत एक वाट, बाजूला गडगा, मागे झाडी, आणि डावीकडे एक मोठा फ्लेक्स. मी लगेच फ्लेक्सवर झेप घेतली.

‘गणेशभक्तांचे सहर्ष स्वागत’. मराठी, सण गणपती. चिन्ह धनुष्यबाण, बरोबर उद्धव आणि आदित्य ठाकरे. म्हणजे ऑक्टोबर 2022 च्या आधीचा. उद्धव ठाकऱ्यांच्या नावापुढे ‘पक्षप्रमुख’, ‘मुख्यमंत्री’ नाही. म्हणजे एक तर 2019 च्या नोव्हेंबरआधीचा, नाही तर 2022 च्या जूननंतरचा. तळाला दोघे ‘माजी नगरसेवक’. दोघेही 2019 च्या आधीच माजी झालेले असू शकतात, म्हणून तिसरा पाहिला. त्याला मी नावाने ओळखत होतो, 2017 ला निवडून आलेला, आणि तोही ‘माजी’. म्हणजे मार्च 2022 नंतर. धागा जुळला: जून ते ऑक्टोबर 2022 मधला गणपती एकच, 31 ऑगस्ट 2022.

जागा. ‘खासदार अरविंद सावंत’, म्हणजे दक्षिण मुंबई, सहा विधानसभा. ‘आमदार अजय चौधरी’, म्हणजे शिवडी. ‘शाखा क्र. 20’ आणि पुढचा आकडा घडीत गेलेला. शिवडी मतदारसंघ, दोनशेचा प्रभाग, गणपतीची गर्दी. लालबाग! मी टिचकी मारली.

यातली एकही पायरी चुकीची नव्हती. फ्लेक्स लालबागचाच होता, ऑगस्ट 2022 चाच होता. नंतर फोटो पाठवणाऱ्याने सांगितलं की त्याच्या काकांनी विसर्जनानंतर मंडळाकडून तो मागून घेतला, ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून गावी नेला आणि पावसाळ्याआधी लाकडांच्या ढिगावर घातला.

मी काय बघायला हवं होतं? शाखेचा तिसरा आकडा घडीत गेला होता, आणि ताणून बांधलेल्या फ्लेक्सला घडी पडत नाही. सुतळी एकाच बाजूच्या आयलेटमध्ये होती, दुसरी बाजू जांभ्या चिऱ्यांनी दाबलेली. गडगाही चिऱ्याचाच. वाटेची माती तांबडी. लालबागला चिऱ्याचा गडगा कुठून येणार? आणि फ्लेक्सच्या खालच्या कडेतून, मी ज्याला बांबूची फ्रेम समजलो होतो, ती आंब्याच्या फांद्यांची टोकं बाहेर आली होती.